काटा शून्यावर यावा : नव्या दुकानासाठी सहा ओळींची प्रार्थना

वाचकाचं पत्र

नमस्कार. बार्शीत आम्ही नवराबायको किराणा दुकान सुरू करतोय. माझे यजमान बारा वर्षं एका आडत दुकानात दिवाणजी होते. सुटी डाळ, तांदूळ, सुका मेवा आणि पुडीबंद माल ठेवणार आहोत. गल्ल्यासाठी आणि मालासाठी बँकेचं कर्ज घेतलंय. आमच्या भागात उधारी ठेवावीच लागेल. अक्षय्य तृतीयेला सत्यनारायण आहे. सासूबाई रोज पहाटे भगवंताच्या देवळात जातात. त्या म्हणाल्या, "भरभराट तर सगळेच मागतात. तू काटा खोटा पडू नये एवढं माग." म्हणून मी ओळी जुळवल्या:

हे लक्ष्मीमाते तू धाव
प्रामाणिकपणाला मिळू दे भाव
सचोटीने करू व्यवहार
ग्राहक हाच आमचा देव साकार

मनाला पटत नाहीत आणि मोठ्यानं म्हणताना जीभ अडखळते. नेमकं काय चुकतंय? पूजेत म्हणायला आणि फ्रेम करून लावायला लहानशी प्रार्थना कशी लिहावी?

— एक वाचक, बार्शी

उत्तर

ताई,

जीभ अडखळते याचं कारण बोटांवर मोजता येतं, म्हणून तिथूनच सुरू करते. तुमच्या पहिल्या ओळीत आठ अक्षरं आहेत. दुसरीत बारा, तिसरीत दहा आणि चौथीत तेरा. पहिल्या ओळीत श्वासाला जी चाल मिळते ती दुसऱ्या ओळीत मोडते, तिसरीत पुन्हा बदलते आणि चौथीत दम लागतो. यमक नीट जुळलंय, पण यमक ओळीच्या टोकाला असतं. ओळ चालते ती मधल्या अक्षरांवर.

आता "प्रामाणिकपणा" हा शब्द बघा. एकट्या या शब्दाला सहा अक्षरं लागतात. त्याला "ला" लावला की सात. लहान ओळीतली जवळजवळ सगळी जागा तो खाऊन टाकतो आणि बदल्यात डोळ्यांपुढे काहीच उभं करत नाही. "सचोटी", "व्यवहार", "साकार" यांचंही तसंच. असे शब्द भाषणात खपून जातात. प्रार्थनेत त्यांच्या जागी काटा, पुडी, वही, हात असलं काहीतरी दिसणारं लागतं.

चौथ्या ओळीची अडचण मात्र वेगळी आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. तोंड देवाकडे करून "ग्राहक हाच आमचा देव" म्हणून बघा. हे वाक्य लक्ष्मीला ऐकवण्यासारखं आहे का? ते गिऱ्हाइकाला ऐकवायचं वाक्य आहे, दुकानाच्या पाटीवरचं. देवाशी बोलता बोलता तुमची नजर दारातल्या माणसाकडे वळली. प्रार्थना आणि जाहिरात यांतली सीमा इथे असते. प्रत्येक ओळ लिहून झाली की स्वतःला विचारा, दुकानात कुणीही नसताना, शटर अर्धं खाली असताना मी ही ओळ म्हणेन का? म्हणणार नसाल तर ती काढा.

माझे वडील गावात किराणा दुकान चालवायचे. तेव्हा पितळी तराजू होता. सकाळी दुकान उघडलं की ते दोन्ही पारडी पुसायचे, तराजू हातात उचलून धरायचे आणि दांडी सरळ राहते का ते बघायचे. पासंग बघणं म्हणत त्याला. दिवसभरात कुणी तेल घ्यायला भांडं घेऊन आलं की आधी दुसऱ्या पारड्यात खडे टाकून त्या भांड्याचा धडा करायचे, मग तेल ओतायचे. शाळेत जाताना मी हे रोज बघायची. ते देवापुढे फार वेळ उभे राहिलेले मला आठवत नाहीत, पण पारडी पुसताना त्यांचे ओठ हलायचे. काय म्हणायचे ते मी कधी विचारलं नाही. तुमचं पत्र वाचताना तेच आठवत होतं, आणि तुमच्यासाठी ओळी रचताना मी ती पारडी डोळ्यांपुढे ठेवली.

सचोटी मागायची म्हणजे काय मागायचं, हे आधी दुकानापुरतं ठरवावं लागतं. सराफाचा मोह वेगळा, शिंप्याचा वेगळा, किराणावाल्याचा वेगळा. तुमच्या यजमानांनी बारा वर्षं आडतीत काढली आहेत. एका संध्याकाळी त्यांना सरळ विचारा, आपल्या दुकानात हात कुठे कुठे घसरू शकतो? ते पटापट सांगतील. मी माझ्या अंदाजानं चार जागा धरल्या आहेत: काटा, भाव, मालाचं उणं, आणि चुकून हातात आलेले जादा पैसे. उधारीची वही पाचवी, तिच्याकडे शेवटी येते.

घाट कोणता घ्यायचा हे ठरवायला मला वेळ लागला नाही. लहान अभंग घ्या. दोन चरण, प्रत्येकी आठ अक्षरं, शेवटी यमक. "जे का रंजले गांजले" ही ओळ बोटांवर मोजा, बरोबर आठ भरतात. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं. "शून्यावर" म्हणजे शू, न्या, व, र, चार अक्षरं. "म्हातारा" तीन. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब इथे नाही, फक्त अक्षरांची संख्या बघायची. बोलताना आपण "दार" एका दमात म्हणतो, पण अभंगात ते दा आणि र अशी दोन अक्षरं म्हणूनच मोजायचं. चार-चार अक्षरांवर टाळी दिली की चाल आपोआप सापडते. टाळी कधी शब्दाच्या मधोमध पडेल, "जे का रंज" वर एक आणि "ले गांजले" वर दुसरी, तशी. त्याला घाबरू नका, कान ते जुळवून घेतो. ओवीही चालली असती, पण तिच्यात चरणांची लांबी कमीजास्त होते आणि ती सैल राहिली तर नवख्या माणसाला चाल धरता येत नाही. आठाची चाल तुमच्या सासूबाईंच्या जिभेवर आधीपासून असेल, त्यांना शिकवावी लागणार नाही. शिवाय वाण्याचा व्यवसाय केलेल्या तुकोबांनी हा घाट वापरलेला आहे, हा जोडही मला तुमच्या दुकानासाठी आवडतो.

आता ओळी. सुरुवात कुणाला हाक मारून करायची? "लक्ष्मीमाते" म्हटलं की मागणं आपोआप पैशाकडे वळतं. तुमची दुसरी ओळ "भावा"कडे घसरली ती त्यामुळेच असावी. सासूबाई रोज ज्याच्यापुढे उभ्या राहतात त्याचंच नाव घ्या. "भगवंता" चार अक्षरं आहेत, अर्धी ओळ आयती झाली:

भगवंता, खुले दार ।
आज मांडला व्यापार ॥

यात अजून काही मागितलेलं नाही. फक्त आलो आहोत असं सांगितलं आहे. पहिल्या दोन चरणांत एवढंच असू द्या.

काट्याच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी "माप माझे खरे असो" लिहिलं. आठ अक्षरं भरतात, कानाला बरं लागतं, पण हात काय करतो ते त्यात दिसत नाही. मग सासूबाईंचेच शब्द घेतले, "काटा खोटा न पडावा". हीही आठ अक्षरांची ओळ आहे आणि बोलीला जवळची आहे. पण दुसऱ्यांदा वाचताना खटकलं. सगळा दोष काट्यावर जातो. काटा बिघडला तर दुरुस्त करता येतो. खरी गोष्ट काट्यावर माल ठेवण्याच्या आधीच्या क्षणाला घडते, त्या वेळी आकडा काय दाखवतोय आणि आपण तिकडे बघतो की नाही, यात.

उदाहरण देते. नऊशे रुपये किलोचे काजू कुणी पाव किलो मागितले. तुम्ही जाड कागदाची पिशवी काट्यावर ठेवली, तिचं वजन 10 ग्रॅम. आकडा शून्यावर न आणता काजू ओतले आणि 250 दिसल्यावर थांबलात. गिऱ्हाइकाच्या हातात 240 ग्रॅम काजू गेले आणि 9 रुपये पिशवीचे लागले. तुमच्या मनात खोटेपणा नव्हता, घाई होती. दिवसात असे वीस जण आले तर? इलेक्ट्रॉनिक काट्यावर यासाठी "टेअर"चं बटण असतं. रिकामी पिशवी किंवा डबा ठेवून ते दाबलं की आकडा शून्यावर येतो आणि मग भरेल ते फक्त मालाचं वजन. वडील खडे टाकून करायचे तो धडा आता एका बोटानं होतो. म्हणून ओळ अशी केली:

काटा शून्यावर यावा ।
मग जिन्नस ठेवावा ॥

यात "सत्य" नाही, "नीती" नाही, तरी मागणं पूर्ण आहे. आणखी एक फायदा असा की ओळ तोंडात बसली की हात तिच्या मागून जातो. दिवसातून शंभर वेळा पुडी बांधताना ती मनात वाजेल.

एवढं बोललेच आहे तर काट्याचं एक काम कागदोपत्रीही आहे, ते उद्घाटनाआधी उरका. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन शास्त्र विभागाकडून दर वर्षी पडताळणी करून घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावावं लागतं. नवा काटा घेताना त्याची पडताळणी झालेली आहे ना, हे विक्रेत्याकडून कागदासकट बघून घ्या. आणि शिक्क्याचं एक किलोचं वजन विकत घेऊन गल्ल्याशेजारी ठेवा. रोज सकाळी ते काट्यावर ठेवायचं. हजार ग्रॅम दिसले की दुकान सुरू. कमी किंवा जास्त दिसले तर आधी काटा सपाट जागेवर आहे का बघा. बऱ्याच काट्यांना पाण्याचा बुडबुडा असतो, तो मधोमध हवा. वरचा पंखा जोरात असेल तरी कमी वजनाला आकडा हलतो.

भावाच्या ओळीसाठी आधी "लहान थोर समान" सुचलं आणि लगेच खोडलं. ती म्हण वाटते, प्रार्थना वाटत नाही. किराणा दुकानात भाव कुठे बदलतो? समोरच्याला भाव माहीत नसतो तिथे. आईनं मुठीत नोट देऊन पाठवलेलं पोर, चष्मा घरी विसरलेले आजोबा. म्हणून:

असो पोर की म्हातारा ।
भाव सांगू एक खरा ॥

इथे "सांगू" आहे, "सांगावा" नाही. दुकान तुम्ही दोघं चालवणार, उद्या एखादा मुलगाही मदतीला येईल. एका ओळीत तरी "आम्ही" हवं, नाहीतर सगळी प्रार्थना दुसऱ्याला केलेल्या सूचनेसारखी वाटते. ओळीची मर्यादाही सांगते. पाच किलो घेणाऱ्याला किलोमागे दोन रुपये कमी लावलेत तर ओळ खोटी पडत नाही, अट एवढीच की पाच किलो घेणाऱ्या प्रत्येकाला तोच भाव मिळायला हवा. सुट्या मालाचे भाव रोज खडूनं फळ्यावर लिहिलेत तर ही ओळ पाळणं सोपं जाईल. पुडीबंद मालावर छापील किंमत असतेच, तिच्या वर जायचं नसतं.

तिसऱ्या जागेसाठी बहुतेक जण "भेसळ ना करू कधी" असं लिहितील. मीही लिहिलं होतं. पण तुम्ही भेसळ करणार नाही हे तुमच्या पत्रावरूनच कळतं, आणि जे करणारच नाही त्यापासून वाचव असं देवाला सांगण्यात काही मागितल्यासारखं होत नाही. खरा मोह याहून साधा असतो. पावसाळ्यात मुगाच्या पोत्याला तळाशी भुंगा लागतो. वरचा माल स्वच्छ असतो. टाकून द्यावा तर पंधरा-वीस किलोचं नुकसान, द्यावा तर गिऱ्हाईक घरी जाऊन निवडेल आणि काही बोलणारही नाही. वडील असा माल वेगळ्या डब्यात काढायचे आणि येणाऱ्याला सांगायचे, "हा किडका आहे, निवडून घ्यावा लागेल, भाव निम्मा." काहीजण मुद्दाम तोच न्यायचे. त्यावरून ही ओळ आली:

जुने झाकून न द्यावे ।
उणे सांगून विकावे ॥

सगळ्या प्रार्थनेत मला हा चरण सगळ्यात जवळचा वाटतो. विकू नको असं तो म्हणत नाही. दुकान विकण्यासाठीच आहे. सांग आणि मग विक, एवढंच.

चौथी जागा जादा पैशांची. इथे मराठी व्याकरणानं मला चकवलं, ते मुद्दाम सांगते, कारण प्रार्थना लिहिताना ही चूक फार होते. मी लिहिलं, "जादा पैसे परत दे". मला म्हणायचं होतं, परत देण्याची बुद्धी दे. पण ओळ देवाला उद्देशून आहे, त्यामुळे अर्थ झाला, देवा, तू माझे जादा पैसे मला परत दे! "दे", "कर", "ठेव" अशी आज्ञार्थी क्रियापदं आली की थांबून बघा, हे काम नक्की कुणाचं आहे, देवाचं की आपलं. देवाकडे बुद्धी मागायची, काम आपण करायचं.

मग आठवलं, एकदा एक बाई नोटांची घडी देऊन निघून गेल्या. घडीत एक नोट जादा होती. वडील गल्ला तसाच उघडा टाकून रस्त्यावर धावले आणि त्यांनी हाक मारली. बाई थांबल्या, बाजारातली आणखी चार माणसंही थांबली. मला तेव्हा गल्ला उघडा राहिल्याचीच भीती वाटत होती.

जादा पैसे आले हाती ।
हाक माराया दे मती ॥

आता नोटांची घडी कमी आणि मोबाइलवरून भरणं जास्त. पन्नासच्या जागी पाचशे टाकले जातात, यंत्र मोठ्यानं आकडा बोलतं, पण गर्दीत कुणाचं लक्ष नसतं. हाक तेव्हाही मारावीच लागते. मात्र कुणी येऊन "चुकून जास्त गेले" म्हणालं तर त्याच्या मोबाइलवरचं चित्र बघून पैसे देऊ नका. आधी आपल्या खात्यात ते आले आहेत का बघा आणि ज्या खात्यातून आले तिथेच परत पाठवा.

शेवटच्या कडव्यावर मी स्वतःशीच भांडले. अभंगाच्या सवयीनं लिहून गेले, "भवानी ही तुझ्या पायी । दुजे मागणे ते नाही". पहिली विक्री देवाच्या पायाशी, आणखी काही नको. म्हणायला फार गोड. पण ताई, हे खरं आहे का? तुमच्यावर बँकेचा हप्ता आहे, गाळ्याचं भाडं आहे, घर आहे. नफा हवाच आहे. सचोटीच्या प्रार्थनेचा शेवट खोट्या ओळीनं करणं मला जमेना. सासूबाई म्हणाल्या ते बरोबरच आहे, भरभराट सगळेच मागतात. पण भरभराट वेगळी आणि हक्काचा नफा वेगळा. तो लपवू नका, सरळ मागा, फक्त त्याला माप लावा. हाताची खोलगट वाटी केली की तिच्यात मावतो तो पसा. धान्याच्या दुकानाला याहून योग्य माप कुठलं मिळणार?

नफा देई रास्त असा ।
घरा पुरेल जो पसा ॥

आता सगळी एकत्र लिहून देते. उभ्या रेघेवर श्वास घ्यायचा.

भगवंता, खुले दार । आज मांडला व्यापार ॥
काटा शून्यावर यावा । मग जिन्नस ठेवावा ॥
असो पोर की म्हातारा । भाव सांगू एक खरा ॥
जुने झाकून न द्यावे । उणे सांगून विकावे ॥
जादा पैसे आले हाती । हाक माराया दे मती ॥
नफा देई रास्त असा । घरा पुरेल जो पसा ॥

सावकाश म्हटली तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास होते. याहून लांब करू नका. पूजेच्या दिवशी पाहुणे असतात, प्रसादाचा शिरा गरम असतो, पोरं चुळबुळ करतात. यातली कुठली जागा तुमच्या दुकानाला लागू नसेल तर ते कडवं काढून तुमचं घाला, आठ अक्षरं तेवढी राखा. तेल सुटं विकणार असाल तर तेलाच्या मापावर एक कडवं तुम्हाला स्वतःलाच सुचेल. पहिल्या ओळीतलं नाव बदलायचं असेल तर "देवा, उघडले दार" हीसुद्धा आठाचीच आहे.

उधारीचं कडवं मी मुद्दाम यात घातलेलं नाही. ते पूजेत चारचौघांत म्हणायचं नाही. ज्यांची नावं उद्या त्या वहीत येणार आहेत, त्यांतले काहीजण तिथेच बसलेले असतील आणि उधारीचा उल्लेख त्यांना टोचेल. नव्या वहीच्या पहिल्या पानावर वरती "श्री" काढाल, स्वस्तिक काढाल, त्याखाली यजमानांच्या अक्षरात हे लिहा:

दिले तेवढे लिहावे ।
आले तेवढे खोडावे ॥

पहिल्या चरणाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. भांडणं होतात ती दुसऱ्यामुळे. माणूस दोनशे रुपये देऊन जातो, समोर तीन गिऱ्हाइकं उभी असतात, "नंतर लिहितो" म्हणून नोट गल्ल्यात पडते आणि वहीतली रक्कम तशीच राहते. महिन्यानं दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत असतात. उधारी वसूल झाली की त्याच्यासमोर वही उघडायची, त्याच्यासमोर रक्कम जमा करायची, तारीख घालायची आणि त्याला बाकी वाचून दाखवायची. पेन वहीला दोरीनं बांधून ठेवा. हसू नका, निम्म्या चुका पेन सापडत नाही म्हणून होतात.

फ्रेमबद्दल विचारलं आहे. करा, पण ती गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर लावू नका. तिथे ती पुन्हा पाटी होईल, आणि ज्याला पाव किलो साखर हवी आहे त्याला तुमची प्रार्थना वाचायला लावण्याचं कारण नाही. गल्ल्याच्या आत, बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, काट्याचा आकडा दिसतो त्याच्या जरा वर. आकडा बघताना नजर तिथे जाईल. अक्षर हातानं लिहिलेलं असलं तर छापलेल्याहून बरं.

म्हणायची कधी? सत्यनारायणाची पूजा गुरुजी त्यांच्या क्रमानं करतील, त्यात मध्ये घुसवू नका. आरती झाली, प्रसाद वाटायला घेतला, आणि पहिलं गिऱ्हाईक काही मागायच्या आधी तुम्ही दोघं गल्ल्यापाशी उभे राहा. पहिला चरण सासूबाईंनी म्हणावा, दुसरा तुम्ही दोघांनी, असं शेवटपर्यंत. सासूबाईंना पाठ होईल, तुम्हाला कागद लागला तर हातात धरा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आदल्या रात्री दोनदा टाळी देऊन म्हणून बघा, जीभ कुठे अडते ते कळेल. मला वाटतं "माराया" पाशी अडेल. तसं झालं तर "हाक मारण्या दे मती" करा, अक्षरं तेवढीच राहतात.

आणि एक अगदी बारीक गोष्ट. पूजेत काट्यालाही हळदकुंकू लागतं, अक्षता पडतात, हार घातला जातो. हाराचं एक टोक ताटलीवर टेकलेलं असतं, ते कुणाच्या लक्षात येत नाही. तसाच काटा सुरू केला तर तो त्या टोकासकट शून्य धरून बसतो आणि मग हार सरकला की आकडा खाली जातो. म्हणून भवानीच्या आधी हार काढून काट्याच्या मागच्या खिळ्याला अडकवा, ताटलीवरच्या अक्षता कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, कुंकू बाजूच्या पत्र्यावर राहू द्या. काटा बंद करून पुन्हा सुरू करा. शिक्क्याचं वजन ठेवून बघा. मग पहिली पुडी बांधा. ती सासूबाईंनाच विकत घेऊ द्या, पैसे घेऊन, पाव किलो गूळ.